जाळी कुठे आहे यापेक्षा कुठे नाही ते बघा

प्रश्न: दादा, मी नांदेडला बियाण्यांच्या कंपनीत फिल्डवर आहे. १६० सीसीची गाडी आहे. अर्धापूर, वारंगा फाटा, कळमनुरी असं रोजचं ऐंशी-नव्वद किलोमीटर फिरणं होतं. मे महिन्यात जीव नकोसा होतो आणि पावसाळ्यात शर्ट पिळून काढावा लागतो. घरच्यांनी जॅकेट घे म्हणून मागं लावलंय. तीन बघितलीत. एक साडेसहा हजारांचं पूर्ण मेशचं, त्यावर ‘सीई लेव्हल २’ लिहिलंय. दुसरं नऊ हजारांचं टेक्सटाइल, आत पावसाचा आणि थंडीचा असे दोन लायनर. आणि मित्र म्हणतो, हैदराबादहून लेदरचं आण, पडल्यावर तेच वाचवतं. बजेट दहा हजार. उकाड्यात घालवेल आणि पडल्यावर कामाला येईल असं कोणतं घेऊ?
– फिल्डवरचा, नांदेड

उत्तर: भाऊ, मेशचंच घ्या, पण तुम्ही बघितलंय ते नको. छाती, पाठ आणि काखेखाली जाळी असलेलं, पण खांदे, कोपरं आणि कोपरापासून मनगटापर्यंतची बाहेरची बाजू जाड भरीव कापडाची असलेलं घ्या. दुकानदार अशा जॅकेटलाही मेशच म्हणतात, त्यामुळे नावावरून काही कळत नाही. हातात घेऊन उलटसुलट करूनच बघावं लागतं. तसं का, ते जरा सविस्तर सांगतो, म्हणजे दुकानात उभं राहिल्यावर तुमचं तुम्हालाच निवडता येईल.

तुमच्या रस्त्यावर माणूस पडतो कसा, ते आधी बघा. ऑक्टोबरात अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि त्या दाण्यांवर चाक गेलं की ब्रेक लावायच्या आधीच गाडी आडवी होते. पावसाळ्यात शेतातून निघालेला ट्रॅक्टर चाकाला लागलेली काळी माती फाट्यापाशी सोडून जातो आणि तिच्यावर भुरभुर पाऊस पडला की डांबर साबणासारखं होतं. एखादं कुत्रं, एखादी म्हैस, मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली, हे वेगळंच. यातली बरीचशी पडझड आडवी होऊन फरफटत जाण्याची असते. डांबर आणि कपडा यांच्यातलं घर्षण साधारण ०.७ धरलं, तर ४५ च्या वेगाने पडलेला माणूस अकरा-बारा मीटर घसरतो, ६० ला वीस मीटर आणि ८० ला पस्तीस मीटरच्या पुढे. वेग दुप्पट झाला की फरफट चौपट होते. या फरफटीत जमिनीला पहिल्यांदा आणि सगळ्यात जास्त वेळ टेकतात ते तळहात, कोपर, खांदा, कुल्ला आणि गुडघा. छाती आणि काख बहुतेक वेळा शेवटी टेकतात किंवा टेकतच नाहीत. म्हणून जिथं जमीन लागते तिथं भरीव कापड आणि जिथं लागत नाही तिथं जाळी, हा हिशोब.

माझ्याकडे पडलेल्यांची जॅकेटं शिवायला येतात, त्यातलं एक सांगतो. गडी सोयाबीनवरच घसरला होता, वेग त्याच्या म्हणण्याप्रमाणे पन्नासच्या आसपास. जॅकेट पूर्ण मेशचं, खांद्यावर तेवढा कापडाचा तुकडा. खांद्याचं कापड नुसतं पांढुरकं पडून त्यावर लव आली होती, आतलं अस्तर शाबूत. कोपराखाली मात्र चार बोटं लांब फाटलं होतं, आणि तेही जाळीच्या मधोमध नव्हे, जाळी आणि कापड जिथं जोडलंय त्या शिवणीवर. फाटलेल्या कडेला हात लावला तर बारीक बारीक कडक गाठी लागत होत्या. पॉलिस्टर घासून तापलं, वितळलं आणि गार झाल्यावर घट्ट झालं, त्याच्या त्या गाठी. आत कोपराचा पॅड होता, चांगल्या कंपनीचा होता, पण तो फिरून आतल्या बाजूला, कोपराच्या खोबणीत जाऊन बसला होता. हाड बाहेरच्या बाजूने सोललं गेलं आणि पॅडवर ओरखडासुद्धा नाही! हवा खेळावी म्हणून त्याने जॅकेट दोन साइझ मोठं घेतलं होतं.

या एका जॅकेटात तुम्हाला बघायच्या तिन्ही गोष्टी आल्या: कापड कुठे आहे, शिवण कशी आहे आणि पॅड जागेवर राहतो का.

कापडाचं आधी बोलू. खांदा आणि कोपरावर कॉर्ड्युरा किंवा तसंच दाट विणीचं नायलॉन असेल तर उत्तम. साधं ६०० डेनियरचं पॉलिस्टरही जाळीपेक्षा कितीतरी जास्त घासणं सहन करतं. डेनियर म्हणजे धाग्याचा जाडपणा, पण आकडा मोठा म्हणजे कापड मजबूत, असं धरून चालू नका. ५०० डेनियरचं नायलॉन ६०० च्या पॉलिस्टरपेक्षा साधारणपणे जास्त टिकतं. जाळीतही फरक असतो. बोटाच्या पेरानं ताणून बघा. भोकं मोठी होऊन तशीच राहिली, की ती टी-शर्टची जाळी. कडक, जाड धाग्याची, ताण सोडल्यावर परत जागेवर येणारी जाळी हवी. बाही उलटी करून कोपराची शिवण बघा. एकच टाक्याची ओळ दिसली तर जॅकेट परत खुंटीला लावा. दोन समांतर ओळी हव्यात आणि कडा आत दुमडून शिवलेली हवी. माझ्याकडे येणारी बहुतेक जॅकेटं कापड झिजून नव्हे, शिवण उसवून निकामी झालेली असतात.

आता त्या ‘सीई लेव्हल २’चं. हे बहुतेक वेळा आतल्या पॅडबद्दल असतं, जॅकेटबद्दल नाही. पॅडला वेगळं मानक आहे, जॅकेटला वेगळं. दुकानदार खोटं बोलत नसतो, पण पाटी अशी लावलेली असते की आपल्याला अख्खं जॅकेटच पास झालंय असं वाटावं. जॅकेटचं युरोपियन मानक ईएन १७०९२. आतल्या शिवणीत कापडी लेबल असतं, त्यावर मोटरसायकलवाल्याचं छोटं चित्र आणि त्याच्याजवळ इंग्रजीत एएए, एए, ए, बी किंवा सी अशी अक्षरं असतात. प्रयोगशाळेत कापडाचा तुकडा काँक्रीटवर घासून बघतात. खांदा-कोपरासारख्या जागी ए वर्गाला ४५ किलोमीटरच्या वेगाची चाचणी असते, एए ला ७० ची आणि एएए ला १२० ची. कमी धोक्याच्या जागांना चाचणीचा वेग कमी असतो, आणि ए वर्गात सगळ्यात कमी धोक्याच्या जागी तर घासण्याची चाचणीच नाही. म्हणूनच जाळीदार जॅकेटं ए वर्गात सहज बसतात. बी म्हणजे घासणं सहन करणारं, पण पॅड नसलेलं. सी म्हणजे नुसते पॅड धरून ठेवणारी जाळी, तिच्यावर किंवा तिच्याखाली दुसरं जॅकेट हवंच. हे वेग मशीनवरचे आहेत हे मात्र ध्यानात ठेवा. एए लिहिलंय म्हणजे ७० ला पडून काहीच होणार नाही, असं कोणी म्हणत नाही.

तुमच्यासाठी एए मिळालं तर सोनं, ए मिळालं तरी चालेल. लेबलच नसलं तर? आपल्याकडे हेल्मेटला आयएसआयची सक्ती आहे, जॅकेटला तशी नाही, त्यामुळे बिनलेबलाची जॅकेटं भरपूर विकली जातात. त्यातली काही खरंच चांगली असतात, पण ते ओळखायचं काम मग तुमच्या बोटांवर येतं. वर सांगितलं तसं कापड आणि शिवण बघा आणि मगच पैसे काढा.

पॅडच्या लेबलवर ईएन १६२१ आणि पुढे आकडा असतो: १ म्हणजे खांदा, कोपर, गुडघ्याचे, २ म्हणजे पाठीचे. लेव्हल १ आणि २ मधला फरक साधा आहे. तोच ठोका दिला, तर लेव्हल २ च्या पॅडला लेव्हल १ च्या साधारण निम्माच मार आत जाऊ द्यायची मुभा असते. पाठीच्या पॅडला सरासरी १८ किलोन्यूटनऐवजी ९, खांदा-कोपराच्या पॅडला ३५ ऐवजी २०. पण आपल्या भागात याहून महत्त्वाची एक खूण आहे, तिच्याकडे कोणी बघत नाही. पॅडवर इंग्रजी टी आणि पुढे अधिकचं चिन्ह आहे का बघा. हल्लीचे मऊ, कणकेच्या गोळ्यासारखे वाकणारे पॅड ठोका बसला की क्षणात कडक होतात, पण उष्णतेने ते आणखी मऊ पडतात आणि मग तेवढा मार झेलत नाहीत. टी अधिक म्हणजे हा पॅड ४० अंशांवरही तपासून पास झालाय. ही चाचणी ऐच्छिक आहे, सगळे करत नाहीत. कळमनुरीच्या उन्हात हीच खूण कामाची. आणि कृपा करून जॅकेट दुपारी गाडीच्या टाकीवर टाकून चहाला जाऊ नका. काळं जॅकेट तिथं ४० च्या कितीतरी वर तापतं, त्याची चाचणी कोणीच केलेली नाही.

पाठीत हात घालून बघा. स्वस्त जॅकेटात पाठीला पॅडच्या आकाराचा स्पंजचा तुकडा असतो. अंगठा दाबला की थेट पलीकडचं बोट लागतं, वजन काहीच नाही, आणि लेबल तर नाहीच. तो फक्त जागा भरायला असतो. ‘लेव्हल २’ लिहिलेल्या जॅकेटातही खांदा-कोपराला लेव्हल २ आणि पाठीला स्पंज, असं सर्रास असतं. पाठीचा पॅड वेगळा विकत मिळतो. घेताना खिशाचं माप सोबत न्या, कारण लहान पॅड मोठ्या खिशात खाली सरकतो. भोकाभोकाचा घेतला तर पाठीला थोडी हवाही लागते.

आता उकाडा. इथं लोकांचा एक गोंधळ होतो, कारण आपल्याकडचा उकाडा एकाच प्रकारचा नसतो. मेची गोष्ट वेगळी आणि ऑगस्टची वेगळी. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता उचलून नेतो. हवा त्याहून गरम असेल तर तोच वारा उष्णता अंगावर आणून ओततो, आणि गारवा देण्याचं सगळं काम एकट्या घामावर पडतं.

पावसाळ्यात नांदेडला हवा ३०-३२ अंशांची, पण ओली. गोदावरीच्या काठानं किंवा अर्धापूरच्या केळीच्या बागांमधून गेलात की ती आणखी जड लागते. अशा हवेत घाम सुटतो पण वाळत नाही. वाळायला एकच उपाय, हवा सतत बदलती ठेवणे, आणि ते काम जाळीसारखं दुसरं कोणी करत नाही. चालत्या गाडीवर जाळीचं जॅकेट घातलेल्याला नुसत्या सुती शर्टवाल्यापेक्षा फारसा जास्त उकाडा होत नाही. उभ्या गाडीवर मात्र होतो. म्हणून रेल्वे फाटक बंद दिसलं की चेन पोटापर्यंत खाली करायची सवय लावा, आणि निघताना ती परत वर ओढायचीही. या दिवसांत आत सुती बनियन नको. सुती कपडा घाम पिऊन अंगाला आणि जॅकेटच्या अस्तराला चिकटतो, मग हात बाहीतून निघता निघत नाही. खेळाडू घालतात तसा पातळ, घट्ट, पूर्ण बाह्यांचा ड्राय-फिट घाला.

मे महिन्यात गणित उलटं होतं. हवा ४२-४३ ची आणि कोरडी खडखडीत. जाळीतून येणारा वारा म्हणजे झळा. घाम इतक्या झटकन वाळतो की अंग कोरडंच राहतं आणि माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाही. पाणी मात्र जातच असतं. हिंगोलीपर्यंत पोचेस्तोवर डोकं ठणकायला लागतं ते यामुळे. या दिवसांत आत सुतीच शर्ट घाला, पूर्ण बाह्यांचा, आणि निघताना तो ओला करून घ्या. तोच सुती कपडा जो ऑगस्टमध्ये नको होता, तो इथं पाणी धरून ठेवतो आणि वाऱ्यावर हळूहळू वाळत तुम्हाला गार ठेवतो. पूर्ण जाळीत तो फार लवकर वाळून जातो. छातीवर थोडं भरीव कापड असलेल्या जॅकेटात जास्त वेळ टिकतो. पुढच्या फाट्यावर चहाऐवजी शर्टावर पाणी मारा, आणि पिण्याच्या पाण्यात एकदा तरी ओआरएस घाला. चक्कर, मळमळ, पायात गोळे किंवा भर उन्हात अंगावर काटा, यातलं काही जाणवलं की सावलीला थांबायचं. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर मात्र पाणी पाजत बसू नका. अंगावर पाणी ओतत ओतत सरळ दवाखाना गाठा.

टेक्सटाइलचं जॅकेट यात कुठे बसतं? कापड म्हणून ते वाईट नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत भरीव कापड, म्हणजे घासण्याला पूर्ण जाळीपेक्षा सरस. रोज घाटावरून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्याला मी कदाचित तेच सांगितलं असतं. तुमच्या बाबतीत अडचण आहे ती हवेची आणि त्या लायनरची. छातीवरच्या दोन चेन उघडल्या तरी जेमतेम वितभर जागेतून हवा शिरते, आणि पाठीला बाहेर पडायची वाट नसेल तर तीही आत फिरत नाही. पावसाचा लायनर हा तर आपल्याकडे निव्वळ भुर्दंड. तो आत लावायचा असतो, म्हणजे पाऊस आला की रस्त्याकडेला जॅकेट काढा, लायनर चेनने जोडा, परत घाला, तोवर तुम्ही भिजलेलेच. बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं ते वेगळंच. आणि ‘श्वास घेणारा’ म्हणतात तो पडदा घामाची वाफ बाहेर सोडतो ती आत जास्त वाफ आणि बाहेर कमी असेल तरच. जुलैत बाहेरची हवाच वाफेनं भरलेली असते, बाहेरचं कापड ओलं असतं, मग वाफ जाणार कुठे? आतून भिजायचं की बाहेरून एवढीच निवड उरते. त्यापेक्षा जॅकेटवरून चढवता येईल असा एक साइझ मोठा रेनकोट घ्या, पोपटी किंवा नारिंगी. पावसात मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसाल तरी. थंडीच्या लायनरचं तर विचारूच नका. डिसेंबरच्या सकाळी जाळीखाली घरातलाच स्वेटर चालतो, आणि वारा लागला तर वरून तोच रेनकोट.

लेदरबद्दल तुमचा मित्र चुकीचं बोलत नाही. सव्वा-दीड मिलिमीटर जाडीचं गाईचं किंवा म्हशीचं चांगलं कातडं घासण्याला आजही बहुतेक कापडांपेक्षा वरचढ आहे, ते वितळत नाही, आणि रेसवाले अजून तेच घालतात. पण ते कातडं रेसिंगसाठी शिवलेलं हवं. फॅशनच्या जॅकेटाचं कातडं पातळ असतं, शिवण नाजूक असते, आणि कोपराला पॅडचा खिसाच नसतो. दहा हजारांच्या आत खरं रायडिंगचं लेदर मिळणं कठीण, आणि बाजारात त्या भावात ‘लेदर’ म्हणून रेक्झिनही विकलं जातं. समजा खरं मिळालं, तरी रोज सकाळी आठला, ऑगस्टच्या दमट हवेत, अडीच-तीन किलोचं ते ओझं तुम्ही चढवाल का? पहिला आठवडा चढवाल. मग ते दाराच्या मागे लटकेल आणि पावसाळ्यात त्यावर पांढरी बुरशी येईल. घामाचं मीठ बसलं की कातडं कडक होऊन शिवणीपाशी तडकतं, ते वेगळं. हौस असेल तर पुढे कधी तरी हिवाळी फेऱ्यांसाठी घ्या.

माप घेताना एक गोष्ट पक्की करा: जॅकेट घालून आरशासमोर उभं राहू नका, गाडीवर बसा. दुकानदाराला सांगून आपल्याच गाडीवर बसा, हँडल धरा, चेन पूर्ण लावा. हात पुढे गेले की बाही मागे सरकते आणि उभं असताना कोपरावर असलेला पॅड दोन बोटं वर जातो. आता हँडल धरलेलं असतानाच दुसऱ्या हातानं कोपराचा पॅड चिमटीत धरून आतबाहेर फिरवा. एखाद बोट हलला तर ठीक. कोपराचं टोक उघडं पडेल इतका फिरला, तर दंडाचा आणि कोपराखालचा पट्टा आवळून परत बघा. तरीही फिरला तर एक साइझ लहान घ्या. कोपराखाली आवळायला पट्टाच नसेल तर ते जॅकेट सोडा, कितीही छान दिसो. खांद्याचा पॅड हाडाच्या टोकावर यायला हवा, दंडावर नव्हे. मग दोन्ही हात वर करा. पोट उघडं पडलं तर पँटला जोडायची चेन किंवा लूप आहे का ते बघा. जॅकेट अंगाला बऱ्यापैकी घट्ट बसायला हवं. हवा जाळीतून शिरते, ढिलेपणातून नाही. ढिलं जॅकेट वाऱ्यात फडफडतं आणि पडल्यावर फिरतं, बस्स.

रंग काळा नको म्हणतात ते खरं, पण आपल्या धुळीत फिकट राखाडी दोन दिवसांत मातकट होतो. तरी घेण्यासारखा तोच, उन्हात कमी तापतो आणि संध्याकाळी दिसतो.

पैशांचं असं बसवा. भारतीय कंपन्यांचं जाळी अधिक भरीव कापड असलेलं, खांदा-कोपराला लेव्हल २ असलेलं जॅकेट साधारण सात हजारांच्या आसपास शोधा. रायनॉक्स, व्हायटेरा, रॉयल एनफिल्ड अशा कंपन्या अशा प्रकारची बनवतात, सीझन संपताना भाव उतरतात. उरलेल्यातून आधी पाठीचा पॅड, मग तळहातावर कडक पट्टी असलेले पूर्ण बोटांचे हातमोजे. पडताना माणूस हात टेकवतोच, आणि तळहात सोलला की पंधरा दिवस जेवणसुद्धा दुसऱ्याच्या हातानं. रेनकोट घरातला चालवून घ्या. तुमच्या साडेसहा हजारांच्या जॅकेटात कोपराखाली भरीव कापड निघालं, आवळायचा पट्टा निघाला आणि पॅडवर टी अधिक निघालं, तर मात्र मी माझे शब्द मागे घेतो. तेच घ्या आणि पाठीचा स्पंज काढून खरा पॅड बसवा. गुडघ्याचे पॅड पुढच्या पगारात. जॅकेट घालून गुडघे उघडे ठेवणारे मी रोज बघतो.

रोजच्या वापरात जॅकेटला घामाचा वास लागणारच. पंधरा-वीस दिवसांनी सगळे पॅड काढा, जॅकेट बादलीत गार पाण्यात आणि थोड्या साबणात बुचकळून हातानं धुवा, ब्रशनं जाळी घासू नका, पिळू नका, सावलीत वाळवा. पॅड ओल्या फडक्यानं पुसले की झालं. ते काढायच्या आधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, कारण परत घालताना कोपराचा पॅड उलटा बसवणारे खूप आहेत. रुंद बाजू वर, निमुळती मनगटाकडे, आणि फुगीर बाजू बाहेर. घातल्यावर पुन्हा गाडीवर बसून, हँडल धरून, एकदा चिमटीत फिरवून बघा.